कातळसडा, डबकी आणि एका वर्षाचा थीसिस: पावसाळा-उन्हाळ्याच्या सॅम्पलिंगचं वेळापत्रक आणि बजेट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रत्नागिरीकडच्या सड्यांवर पावसात जी डबकी भरतात त्यातल्या छोट्या जिवांवर (फेअरी श्रिंप, क्लॅम श्रिंप, वॉटर फ्ली वगैरे) एमएस्सीचा थीसिस करणारी पोरं दरवर्षी साधारण तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. मी स्वतः हे केलंय आणि पहिल्या खेपेला चांगलाच आपटलोय, ते खाली येईलच. तुमचा विषय ओढ्यातले किडे किंवा बेडूक असेल तर आकडे बदलतील, पण तारखांची भानगड तीच.

थीसिस तर जुलै-ऑगस्टला सुरू होतो, मग जूनसाठी एवढी घाई कशाला?

कारण डबक्याचं वर्ष जूनला सुरू होतं आणि विद्यापीठाचं नंतर, सगळी गोची इथेच आहे. उन्हाळाभर कोरड्या मातीत फेअरी श्रिंपची अंडी पडून असतात, पहिलं पाणी साचलं की त्यातली काही एक-दोन दिवसांत फुटतात, दोनेक आठवड्यांत ती पिल्लं मोठी होऊन पुन्हा अंडी घालून मोकळी. तोवर चतुराच्या अळ्या, पाण्यातले ढेकूण, बेडकांची पिल्लं अशी खाणारी आणि चरणारी मंडळी हजर झालेली असते आणि फेअरी श्रिंप गायब. तुम्ही सिनॉप्सिस मंजूर करून ऑगस्टात जाळी घेऊन पोचलात की तुम्हाला दुसरंच डबकं दिसतं. माझं पहिल्या वर्षी हेच झालं, ऑगस्टात तीन दिवस जाळी मारली, एक फेअरी श्रिंप नाही, मी वहीत लिहिलं 'आढळ नाही' आणि पुढच्या जूनमध्ये त्याच डबक्यात ओंजळीत पाणी घेतलं तरी चार-पाच दिसत होत्या.

मग वर्ष मोजायचं कुठून?

डबकं पहिल्यांदा भरतं त्या दिवसापासून, आणि तिथून मागे-पुढे. जमत असेल तर गाईडशी बोलून जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष धरा. जानेवारीत वाचन आणि परवानग्यांची पत्रं, फेब्रुवारीत सडा फिरून डबकी ठरवणं, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात कोरडी माती गोळा करणं, एप्रिल-मे लॅबमध्ये माती भिजवून अंडी फुटतात का बघणं, मेअखेरपासून सड्याजवळ मुक्काम, जून ते ऑक्टोबर पाण्यातलं सॅम्पलिंग, मोजणी जुलैपासूनच सुरू, नोव्हेंबरात आकडेमोड, डिसेंबरात लिखाण.

यात एकच गोष्ट तुमच्या हातात नाही ती म्हणजे पाऊस. हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबईत मान्सून यायची सरासरी तारीख ११ जून आहे. २०२३ मध्ये तो मुंबईत २५ जूनला आला आणि २०२५ मध्ये २६ मेला, म्हणजे दोन वर्षांत मिळून एक महिन्याचा फरक. त्यामुळे 'पहिलं सॅम्पल १२ जून' असं वेळापत्रकात लिहूच नका, 'भरल्यापासून तिसरा दिवस' असं लिहा, कमिटीला ते विचित्र वाटेल पण हे दोन आकडे दाखवले की कुणी वाद घालत नाही.

डबकं 'भरलं' असं नक्की कधी धरायचं? वळवाचं पाणी चालतं का?

हे आधीच ठरवून वहीत लिहून ठेवायचं, नंतर सोयीने बदलायचं नाही. मी तळ पूर्ण झाकला गेला आणि पाणी सलग दोन दिवस टिकलं की तो पहिला दिवस धरतो. मे महिन्यात वळीव पडतो, डबक्यात बोटभर पाणी साचतं, काही अंडी फुटतात आणि ऊन पडलं की पाणी आटून ती पिल्लं मरतात. हा फुकट गेलेला फेरा असतो पण तो नोंदवायचा, कारण त्याने मातीतली थोडी अंडी खर्ची पडतात. सगळी नाही पडत, एका पाण्यात सगळी अंडी कधीच फुटत नाहीत, काही पुढच्या पाण्यासाठी राखून असतात, वळवाच्या असल्या फसवणुकीतून ही जात टिकते ती त्यामुळेच.

तुम्ही पुण्यात आणि डबकी रत्नागिरीत, मग कळणार कसं? गावातल्या एकाला रोज संध्याकाळी एक फोटो पाठवायला सांगा, डबक्यात तीच लाकडी पट्टी उभी धरून, म्हणजे खोलीही कळते. महिन्याचा रिचार्ज मारून द्या, अख्ख्या बजेटमधला सगळ्यात वसूल झालेला खर्च तोच. आणि गावातले लोक काय म्हणतात तेही ऐका, आमचे काका 'मृग लागला की बघ' म्हणायचे, मृग सात-आठ जूनच्या आसपास लागतो, तो काही दरवर्षी पाऊस घेऊन येत नाही, पण कुठल्या दिशेचा ढग सड्यावर पडतो आणि कुठला नुसताच पुढे जातो हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

उन्हाळ्यात सडा तर कोरडा ठणठणीत, सॅम्पल कसलं करणार?

मातीचं. खूप जण कोरड्या ऋतूचा रकाना रिकामा सोडतात किंवा 'पाणी नाही' असं लिहितात, आणि अर्धा थीसिस तिथेच सोडून येतात. डबक्याच्या तळाशी जी दोन-तीन सेंटीमीटर मातीची खपली असते त्यात अंडी असतात. एका डबक्यात पाच जागा घ्या, मध्यभागी आणि चार बाजूंना, चमच्याने वरची खपली खरवडा, पाचही एकत्र करा, साधारण दोनशे ग्रॅम झालं की पुरे. छोट्या डबक्यात एवढी माती नसतेच, तिथे आहे त्यातली थोडीच घ्या, सगळा तळ खरवडून नेलात तर पावसाळ्यात त्या डबक्यात जे दिसेल ते तुमच्याच करणीचं.

माती कागदी किंवा कापडी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये जरा ओल राहिली की बुरशी आली, सॅम्पल गेलं. वेळ म्हणजे एप्रिलचा पहिला पंधरवडा, वळवाच्या आधी. वणवा लागून गेला असेल तर कुठली डबकी त्यात आली ते लिहून ठेवा.

लॅबमध्ये माती भिजवायची म्हणजे काय करायचं? काहीच फुटलं नाही तर?

पसरट ट्रेमध्ये पन्नास ग्रॅम माती आणि वर चार-पाच सेंटीमीटर पाणी. पाणी नळाचं नको, त्यात क्लोरीन आणि क्षार, आणि सड्यावरचं पाणी म्हणजे जवळजवळ निव्वळ पावसाचं पाणी. डिस्टिल्ड वापरा किंवा आदल्या पावसाचं साठवलेलं. उजेड हवा, अंधाऱ्या कपाटात ठेवून काही होत नाही. आणि तापमान पंचवीसच्या आसपास, ही मोठी अडचण आहे कारण एप्रिल-मेमध्ये पुण्यातल्या लॅबचं तापमान काय असतं ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून कुठल्या खोलीत एसी चालू असतो ते आधी शोधा. रोज सकाळी टॉर्च मारून बघायचं, दोन आठवडे. मग पाणी काढून माती पूर्ण वाळवायची आणि पुन्हा भिजवायची, निदान दोन फेरे.

पिल्लं लगेच ओळखू येत नाहीत, नराचे मोठे अँटेना दिसेपर्यंत वाढवावी लागतात. यीस्टचं अगदी पातळ पाणी चालतं, जास्त घातलंत तर पाणी सडून सगळं मरतं, माझे सहा ट्रे असेच गेले.

काहीच फुटलं नाही तर 'या डबक्यात नाही' असं लिहायचं नाही, 'या परिस्थितीत फुटलं नाही' एवढंच. लॅबमध्ये शून्य आणि जूनमध्ये त्याच डबक्यात भरपूर, असं होतं. उलटंही होतं, आणि ते जास्त मजेचं, कारण मग विचारता येतं की अंडी आहेत तर मोठं होईपर्यंत कोण खातंय.

जूनमध्ये तीन फेऱ्या माराव्यात की तिथेच राहावं?

राहा. मी पैशाचाच हिशोब दाखवतो, हे माझे आकडे आहेत, तुमचे भाडे-दर वेगळे असतील. पुण्याहून एक फेरी: जाणं-येणं १,४००, दोन रात्री राहणं १,४००, तीन दिवस जेवण ९००, तिथलं पेट्रोल ५००, सोबत गावातला माणूस दोन दिवस १,२००. झाले ५,४००. भरल्यापासून तिसरा, सातवा आणि चौदावा दिवस गाठायचा तर तीन फेऱ्या, म्हणजे १६,२००, आणि त्यातली पहिली फेरी तुम्ही निरोप आल्यावर पळत जाणार, रात्रीच्या एसटीला जागा मिळाली तर तिसरा दिवस, नाही तर पाचवा.

त्याऐवजी गावात महिन्यावर खोली ५,०००, वीस दिवस जेवण ५,०००, एकदाच जाणं-येणं १,४००, पेट्रोल १,५००, माणूस चार दिवस २,४००, बेरीज १५,३००. स्वस्त पडतं आणि पहिलं पाणी हातचं जात नाही. फक्त पाऊस लांबला तर तुम्ही वीस दिवस कोरड्या सड्याकडे बघत आंबे खात बसणार, तेवढी तयारी ठेवा आणि घरमालकांना 'अजून दहा दिवस राहीन कदाचित' असं आधीच सांगून ठेवा.

सगळं मिळून किती लागतात?

फेब्रुवारी आणि एप्रिलच्या दोन फेऱ्या १०,८००. जूनचा मुक्काम १५,३००. जुलैत दोन, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर एकेक अशा पाच फेऱ्या २७,०००. आणि दोन फेऱ्या राखीव, १०,८००, या कुठल्याही परिस्थितीत कागदावरून काढायच्या नाहीत, आंबा घाटात दरड आली किंवा रेड अलर्ट लागला की याच वापरायच्या असतात. फिल्डचे झाले ६३,९००.

सामान साधारण १६,०००: साठ मायक्रॉनची जाळी, पीएच आणि कंडक्टिव्हिटीचे पेन आणि त्यांची स्टँडर्ड द्रावणं, बाटल्या-लेबलं-फॉर्मॅलीन-अल्कोहोल, ट्रे, बऱ्यापैकी रेनकोट. कंडक्टिव्हिटीचा पेन घेताना कमी रेंजचा घ्या, पावसाच्या पाण्यात आकडे एवढे छोटे येतात की बोअरवेलसाठीचा स्वस्त पेन नुसताच शून्य नाही तर दहा दाखवत बसतो. प्रिंट-बाइंडिंग ३,०००. एकूण ८२,९००.

एवढे पैसे नाहीत. काय कापू?

जून कापू नका. फेब्रुवारी आणि एप्रिलची फेरी एकत्र करून मार्चअखेर एकच करा, जुलैतली एक आणि सप्टेंबरची फेरी सोडा, राखीव दोनाऐवजी एक ठेवा, इथे २१,६०० वाचतात. जाळी आणि पेन डिपार्टमेंटमधून मागून घेतलेत तर अजून ६,५००. राहिले ५४,८००. याच्याही खाली जायचं असेल तर नातेवाईकांकडे राहा, पण गावातल्या माणसाची मजुरी कमी करू नका, तो आहे म्हणून तुम्ही धुक्यात सड्यावरून परत येता.

ऑक्टोबरची फेरीही कापावीशी वाटते, तीही ठेवा. सप्टेंबरअखेर थोडी उघडीप होऊन उथळ डबकी आटतात आणि मग हस्ताचा पाऊस पडून ती परत भरतात. हे वर्षातलं दुसरं 'पहिलं पाणी', त्यात काय फुटतं ते बघायला मिळतं, आणि जून हुकलाच असेल तर थोडीफार भरपाई इथेच होते.

जुलै-ऑगस्टमध्ये नेमकं काय अडतं?

पावसापेक्षा माणसं. जुलैत भातलावणी असते, गावात कोणी तुमच्याबरोबर डबकी मोजायला येणार नाही आणि येऊही नये, म्हणून त्या फेरीला मित्राला घेऊन जा. गणपतीत तर कोकणात जायचा विचारच सोडा, गाड्या महिने आधी भरतात आणि गावात प्रत्येक घरी पाहुणे, राहायला जागा नाही. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे सप्टेंबरची फेरी एक तर पहिल्या आठवड्याच्या आत उरका, नाही तर थेट विसर्जनानंतर. हे कुठल्याच फिल्ड मॅन्युअलमध्ये नसतं.

पाण्याच्या बाजूने बघाल तर जुलैच्या धो-धो पावसात डबकी एकमेकांत मिसळतात, अख्ख्या सड्यावरून पाण्याचा पातळ थर वाहत असतो. त्या दिवशी सॅम्पल घेतलंत तर ते कुठल्या डबक्याचं म्हणायचं? पाऊस थांबून दोन दिवस जाऊ द्या, आणि मिसळलेली डबकी कुठली ते लिहा.

परवानगी लागते का?

सडा कुणाचा आहे त्यावर. रत्नागिरीकडचे बरेच सडे खाजगी किंवा गावकीचे, तिथे मालकाची किंवा ग्रामपंचायतीची लेखी संमती घ्या, कॉलेजच्या लेटरहेडवर मराठीत साधं पत्र. अभयारण्यात असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी, तिला महिने लागू शकतात, एका वर्षाच्या थीसिसला ते परवडत नाही. कास पाहून सगळ्यांना तिथेच काम करावंसं वाटतं, पण ते राखीव वन, तिथे वनखात्याकडे जावं लागतं आणि जागतिक वारसा म्हणून नजरही जास्त. आणि कातळावर चित्रं कोरलेली दिसली, म्हणजे कातळशिल्पं, तर त्यावरून चालू नका, डबकं नेमकं त्याच्यातच असेल तर ते यादीतून काढा.

अल्कोहोल कॉलेजच्या परवान्यावर येतं, त्याची मागणी जानेवारीतच टाका. आणि ते एसटीत किंवा रेल्वेत घेऊन जाता येत नाही, पेट घेणारं आहे. रत्नागिरीतल्या एखाद्या कॉलेजच्या लॅबशी बोलून तिथेच थोडं मिळवलेलं बरं.

सॅम्पल मोजायला किती वेळ लागतो?

तुम्ही समजताय त्याच्या तिप्पट. बारा डबकी, आठ फेऱ्या (जूनच्या तीन धरून), म्हणजे ९६ बाटल्या. एका बाटलीला मायक्रोस्कोपखाली अडीच तास धरा, २४० तास झाले. रोज चार तास बसलात तर साठ दिवस, आठवड्याचे पाच दिवस धरले तर बारा आठवडे. म्हणून म्हटलं मोजणी जुलैपासून. ज्यांनी सगळ्या बाटल्या नोव्हेंबरसाठी ठेवल्या त्यांच्या शेवटच्या बाटल्यांतले आकडे पहिल्यांपेक्षा कमी येतात, डबक्यात जीव कमी असतात म्हणून नाही, डोळे थकतात म्हणून. बाटल्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा.

जून माझ्या हातून गेला, ऑगस्टला थीसिस सुरू होतोय. विषय बदलू?

नको. प्रश्न बदला. ऑगस्ट ते ऑक्टोबर पाण्याचं सॅम्पलिंग करा, हस्ताचं पाणी पकडा, मार्चअखेर माती आणा आणि लॅबमध्ये भिजवून 'पहिलं पाणी' तिथे घडवा. मग तुमचा थीसिस 'मातीत काय आहे आणि पावसाळ्याच्या शेवटी त्यातलं काय दिसतं' असा होतो. जूनबद्दल मात्र एक वाक्यही ठामपणे लिहायचं नाही.

९६ बाटल्या म्हणजे माझा सॅम्पल साइज ९६ ना?

नाही, बारा. एकाच डबक्यातून आठ वेळा पाणी घेतलं म्हणून आठ डबकी होत नाहीत. आकडेमोड करताना डबकं वेगळं सांगावं लागतं, आर मध्ये साधारण असं:

```r
glmmTMB(count ~ days + depth + (1 | pool),
        family = nbinom2, data = d)
```

इथे `days` म्हणजे भरल्यापासूनचे दिवस, कॅलेंडरची तारीख नाही. ते पहिल्यापासून नोंदवलं नसेल तर आता फोटो चाळत बसा. फेअरी श्रिंप सुरुवातीला वाढतात आणि मग पडतात, त्यामुळे सरळ रेषा बसत नसेल तर `days` चा वर्ग घालून बघा. आणि एकच पावसाळा पाहिलाय, म्हणजे ऋतूंचा सॅम्पल साइज एक. शीर्षकात वर्ष घाला, म्हणजे व्हायव्हात 'दर पावसाळ्यात असंच होतं का' या प्रश्नाला तोंड द्यावं लागत नाही.

सड्यावर भीती कशाची?

वीज आणि फुरसं. जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाट होतो आणि सड्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता, म्हणून सकाळी सहाला सुरू करून दुपारच्या आत खाली. फुरसं चिऱ्याखाली, दगडाच्या फटीत, कातळाच्याच रंगाचं, दगड हाताने उलटायचा नाही आणि बूट घोट्यावर हवेत. पायाला जखम असेल तर डबक्यात उतरू नका, कोकणात पावसाळ्यात लेप्टो असतो.

डबकंच नाहीसं झालं तर?

होतं. फेब्रुवारीत खुणा केलेली माझी दोन डबकी मेमध्ये गेलो तर नव्हती, एका जागी चिरेखाण सुरू झालेली आणि दुसऱ्या जागी आंब्याची कलमं लावायला जेसीबीने खड्डे मारलेले. म्हणून फेब्रुवारीत अठरा डबकी नकाशावर घ्या, बारा कामाची आणि सहा जादा, पण जादा सहांचीही माती एप्रिलमध्ये आणून ठेवा. जूनमध्ये बदली डबकं घेतलं आणि त्याची कोरडी माती नसेल तर ते डबकं अर्ध्याच थीसिसमध्ये बसतं.